पुस्तक आवडलं नाही

सातवीत असताना मराठीच्या मॅडमनी पुस्तक परीक्षण करायला दिलं. चार भाग पाडायचे: कथानक, स्थळ-काळ, पात्रं आणि शेवटी माझं मत. खाली पालकांची सही. सही नसेल तर वही जमा करून घेणार नाही, असा त्यांचा खाक्या. आमच्या घरी सही म्हणजे पप्पांची. ते वाळूजला कंपनीत होते. सही करण्याआधी सगळं वाचायचे, आणि नाही पटलं की हात उचलायचे.

मला मिळालेलं पुस्तक पातळसं होतं. एका पोराकडून शेळी हरवते, बाप त्याला शेळीच्याच दाव्यानं झोडपतो, पोरगा पुढं मोठा साहेब होतो आणि शेवटी बापाच्या पायावर डोकं ठेवून म्हणतो, तुमच्या मारानंच मी घडलो. वाचून माझं डोकंच फिरलं. घडलो म्हणे!

कथानक पटकन झालं. सगळं पुस्तक उतरवून काढायचं नाही; सुरुवात, अडचण आणि शेवट आपल्या शब्दांत लिहायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. स्थळ-काळात मी दुष्काळी गाव लिहिलं, आणि चारा नव्हता म्हणूनच शेळी लांब गेली, हेही लिहिलं. पात्रांमध्ये प्रत्येकाचा स्वभाव आणि तो दाखवणारा एक प्रसंग. मत मात्र आख्खा वर्ग एकच लिहायचा: 'पुस्तक खूप आवडले, चांगला बोध मिळाला.' वरच्या वर्गातल्या पोरींच्या जुन्या वह्यांतून ते वाक्य चालत आलं होतं. मॅडम वैतागायच्या. "अगं, का आवडलं ते सांगा, आणि पुस्तकातून दाखवा!"

मग मी दाखवलं. 'हे पुस्तक मला आवडले नाही. बापाची चाहूल लागली की हा मुलगा कणगीमागे लपतो. इतका घाबरणारा मुलगा शेवटी आपणहून त्याचे आभार मानेल, हे पटत नाही. शेवट खोटा आहे.'

संध्याकाळी मी ते मोठ्यानं वाचलं, स्वयंपाक करता करता आईनं ऐकलं. तिचं लाटणं थांबलं.

"त्या पोराला आई नाय का गं?"

"हाय की. मार बसला की रडते, बाकी काहीच करत नाय. गौण पात्र."

तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आवडलं म्हणून लिही ना, बाई. तुझं काय जातंय? ते वाचतील तर जीव घेतील."

"मला नाय आवडलं तर नाय आवडलं!" मी फाडकन म्हणाले. मी लई आगाऊ होते, अजूनही आहे.

पप्पा शिफ्टवरून आले. मी वही पुढं केली. शेवटच्या भागावर येताच त्यांचा चेहरा बदलला.

"कुणाला लिवलंय हे? मला?"

"पुस्तकाला लिहिलंय."

पहिली थप्पड अशी बसली की कान बधिर झाला. "खोड हे! आत्ताच्या आत्ता खोड!" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पट्टा काढला. पाठीवर, दंडावर, मग बक्कल भुवईवर लागलं आणि डोळ्यात रक्त ओघळलं. "मारा! नाय खोडणार!" मी किंचाळत होते. भीतीपेक्षा राग जास्त होता. त्या क्षणी मला त्यांचा इतका तिरस्कार वाटला की आजही सांगताना दात आवळले जातात.

आई मधे पडली. तिनं पट्टा धरला. त्यांनी तिच्या तोंडावर बुक्की मारली, ती ओट्यावर आपटली. ओठ फाटला होता. ती उठली आणि त्यांच्या मनगटाला अशी कडकडून चावली की ते ओरडले. सोडेचना. त्यांनी तिला केसांना धरून ढकललं, दाराला लाथ घातली आणि गाडी काढून निघून गेले.

सकाळी आई माझ्यासोबत शाळेत आली. वही बघून मॅडम म्हणाल्या, "वडिलांची सही राहिली का?" मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले.

"पालकाची पायजे ना? मी हाय की," आई म्हणाली. सुजलेल्या ओठानं तिला नीट बोलता येत नव्हतं. तिनं चारही भाग उभ्यानंच वाचले, मॅडमचा पेन घेतला आणि माझ्या मताखाली सही केली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, आता घरी जाऊ नका."

"नाय जात. गंगापूरला भावाकडं निघालोय."

त्या परीक्षणाला किती मार्क पडले, मला आजही माहीत नाही. त्या शाळेत मी परत गेले नाही, आणि त्या घरातही.