शेडातला एप्रिल

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या टॉवेल कारखान्याच्या फाटकाशी प्रियदर्शनीने स्कूटी लावली, तेव्हा धुळाप्पा वाटच बघत होता. लूमच्या शेडात काम करून त्याच्या भुवयांवर कायम कापसाची पांढरी लव बसलेली असे.

"ताई, आमच्या आयांची नावं कापणार म्हनं तुमी?"

"कोण म्हणालं?"

"समदं शेड म्हनतंय. माज्या आयचं, तानाबाईचं डायलिसिस हाय की, आठवड्यातनं दोनदा. विमा बंद तर ती बंद."

प्रियदर्शनीने पिशवी जवळ ओढली. कामगारांच्या गटविम्याच्या नूतनीकरणासाठी तिने केलेल्या टिपणाच्या शेवटच्या पानावर तेच लिहिलेलं होतं : 'आईवडील वगळावेत.'

विम्याची दलाली करून तिला नऊ वर्षं झाली. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाची ही लेक आकड्यांना भीत नसे. पण आकड्यांमागची माणसं फाटकाशी उभी राहिली की तिची जीभ जड व्हायची.

"म्हाताऱ्यांचं सांगता," धुळाप्पा कडवट हसला, "आन् एप्रिलात वॉर्डात जाऊन बघा की! आमच्या शेडाची हजेरी तितंच लागती. सलाईन लावून निजलेली समदी जवान पोरं."

ती जागीच थबकली. क्लेमची यादी तिने वयाप्रमाणे लावली होती, सगळे लावतात तशीच. महिन्याप्रमाणे कधी लावलीच नव्हती.

ऑफिसात दाक्षायणीबाई कामगारांची नोंद सांभाळत. त्यांच्याकडून तिने नावं मागितली नाहीत. कुठला कामगार-नंबर कुठल्या विभागात, एवढंच घेतलं आणि जिन्याखाली बसून यादी नव्याने मांडली. अडुसष्ट क्लेमपैकी एकोणचाळीस एप्रिल ते जूनमधले. ताप, अंगातलं पाणी कमी होणं, मूतखडा. त्यातले चौतीस एकट्या लूमच्या शेडातले.

तिला वडील आठवले. मेंढरं पडायला लागली की ते म्हणायचे, "म्हातारी मेंढी मोजत बसू नगं, आदी पाणवठा बघ."

शेवटचं पान तिने फाडलं.

मालक महेश्वर कागद बघताच उसळले. "हप्त्यात साठ टक्के वाढ? मॅडम, हा विमा आहे की दरोडा?"

"दहा महिन्यांचा हप्ता वीस लाख धरला. दिलेले आणि मंजुरीला अडकलेले क्लेम मिळून सव्वीस लाख. शंभराला एकशे तीस. विमा कंपनीला स्वतःचा खर्च भागवायला शंभरातले वीस तरी लागतात. म्हणजे क्लेम ऐंशीत बसायला हवेत. एकशे तीसला ऐंशीनं भागा, बासष्ट टक्के वाढ निघते. साठवर मी आणलंय."

"आणि हप्ता वाढला की तुमचं कमिशनही वाढतं!"

"वाढतं," ती म्हणाली. "म्हणूनच हिशेब तुमच्यासमोर उघडा ठेवलाय."

"मग म्हातारी माणसं काढा. संपला विषय."

"त्यांचे बारा लाख आहेत, खोटं नाही बोलणार. पण शेडातल्या उन्हाचे नऊ लाख आहेत. ते म्हाताऱ्यांना काढून जाणार नाहीत."

"शेडातलं ऊन? तुम्ही विमा विकता की पंखे?"

"शेडाला एक खिडकी उघडी नाही, साहेब."

"वाऱ्यानं धागा तुटतो!"

"धागा तुटतो म्हणून माणूस तोडायचा?" तोंडातून गेलं खरं. हे खातं गेलं, तर वर्षाचा निम्मा धंदा गेला.

दाक्षायणीबाईंनी चहा पुढे सरकवला.

"उपाय सांगा," महेश्वर शेवटी म्हणाले.

"धाग्यावर वारा येणार नाही अशी हवा ओढून घेणारे पंखे, लूमजवळ थंड पाणी, मीठ-साखर, दुपारची विश्रांती. कंपनीशी दर ठरलेल्याच दवाखान्यात जायचं. आणि आईवडिलांच्या बिलातला पाचवा हिस्सा कामगारानं भरायचा. त्यानं वाढ अठ्ठेचाळीसवर येते."

"आणि पंख्यांमुळे किती कमी होते?"

"यंदा काहीच नाही. कंपनी आश्वासनावर सूट देत नाही. उन्हाळ्यात क्लेम घटले, तर पुढच्या वर्षी मी भांडेन."

महेश्वरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "पंखे मार्चमध्ये लावतो. पण हिस्सा म्हणजे हिस्सा. त्यात सवलत मागायची नाही."

फाटकाशी धुळाप्पा होताच.

"आईचं नाव राहिलं," ती म्हणाली.

त्याने हात जोडले. तिने ते खाली घेतले. "ऐका आधी. एप्रिलपासून तिच्या प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा तुमचा."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

धुळाप्पाचा अंगठा बोटांच्या पेरांवर मोजत सरकत राहिला. आठवड्यातनं दोन, महिन्याचे आठ-नऊ. भोंगा झाला.

"बघतो काय जमतंय ते," म्हणत तो शेडाकडे वळला. आत जाताच दार ओढून घ्यावं लागलं; वाऱ्यानं अजूनही धागाच तुटत होता.