तितराचं कार्ड

पार्बताबाई आमच्या गावच्या शाळेत नऊ वर्षं खिचडी शिजवायची. तिचं आणि पाचवीतल्या पोरक्या नातीचं, अपेक्षाचं, त्यावरच भागायचं. आज ते काम गेलं. ठरावावर माझीही सही आहे, म्हणून जपाच्या आधी हे लिहिते.

गजेंद्र सरांनी पाचवीसाठी अन्नसाखळीची कार्डं केली होती. पुढे चित्र, मागे छोटा प्रश्न. जो खाल्ला जातो त्याच्याकडून खाणाऱ्याकडे बाण लावायचा. सरांची साखळी होती गवत, नाकतोडा, चिमणी, वाघ.

पार्बताबाईनं तांदूळ निवडता निवडता पाहिलं. "वाघ चिमणी खाते काय जी? त्याच्या दाताच्या फटीतबी राहणार नाही थे."

"मग तूच सांग," सर म्हणाले.

तिनं सांगितलं. नाकतोड्यापुढे तितर ठेवा, तितरापुढे रानमांजर. तितर वाळवी कशी उकरतं, मांजर शेताच्या धुऱ्यावर, बांधाआड कसं दबून बसतं, सगळं. तिचा बाप तितरांसाठी फासे लावायचा, तेव्हा लहानपणी पाहिलेलं. सरांनी कार्डं बदलली, खाली स्वतःचं नाव टाकलं.

काल केंद्रप्रमुख आले. शाळा समितीचे आम्ही सगळे बसलो होतो. अपेक्षानं साखळी बिनचूक लावली. साहेबांनी तितराचं कार्ड उलटून प्रश्न वाचला, "याला आणखी कोण खातं?"

"कोल्हा," ती म्हणाली. "अन् आमची आजी."

वर्ग खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. "तितर मारणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? सर, हे काय?"

"मले काही माहीत नाही, साहेब," सर म्हणाले. "बाई खिचडी करते, एवढंच."

दारात पार्बताबाई पळी घेऊन उभी होती. "साहेब, मी आठ वर्षांची होती तवा. बापानं खाऊ घातलं." तोवर साहेब पुढच्या वर्गात गेले होते.

आज समिती बसली. अध्यक्ष पंजाबराव म्हणाले, "शिकारीच्या हातचं लेकरायनं काहून खावं?" कधीची शिकार, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. सोमवारपासून चूल मंजुषाकडे, म्हणजे पंजाबरावांच्या सुनेकडे. वही माझ्यापुढे आली तेव्हा पेन चालत नव्हता. पंजाबरावांनी स्वतःचा दिला.

सांजेला पार्बताबाई आली. मी देवाजवळ दिवा लावत होते.

"माय, तुमी तं काल तिथंच होत्या. मी काय म्हटलं, आयकलं ना तुमी?"

मी म्हटलं, "देवाच्या मनात असेल तसं होईल, बाई." आणि साखरेचा प्रसाद पुढे केला.

तिनं हात पुढे केला नाही. "देवानं सही नाही केली," म्हणाली. मागे अपेक्षा उभी होती. येताना पोरं तिला 'तितर, तितर' करत आली होती. पार्बताबाईनं तिच्या डोक्यात एक टोला हाणला, पोरगी रडली नाही, आणि दोघी गेल्या.

कार्डं तालुक्याच्या प्रदर्शनाला चालली आहेत. सर म्हणाले, तितराच्या मागचा प्रश्न तेवढा साहेबांनी खोडायला सांगितला आहे.