विजयमाला मॅडमची बारा नसांची वही

आमच्या विजयमाला मॅडमना एकच खोड. पोरगी नापास झाली की त्यांना वाटतं, आपणच नापास झालो. नगरजवळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या साठ पोरी, निम्म्या मराठी शाळेतून आलेल्या. मीही त्यातलीच, पुणतांब्याची निकिता. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांची इंग्रजी नावं आली की आमची दातखीळ बसायची. क्लास टेस्टला मला वीसपैकी चार मिळाले. मॅडमनी पेपर हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझं न्हाई गं, माझंच कायतरी चुकतंय."

मग त्यांनी वही लिहायला घेतली. त्यांचं लहानपण ऊसतोडीच्या ट्रकात गेलेलं, म्हणून वाक्यही तिथलंच सुचलं. 'ओळखीच्या ओंकारनं ओढली ट्रकातली ट्रंक. अक्का फिरली, वळली, गडबडली, वाकली अन् हसली.' बारा शब्द, बारा नसा, पहिल्या अक्षरावरून ओळीनं. ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, शेवटी हायपोग्लॉसल. प्रत्येकीपुढं तपासणी. दुसरीला नजरेचा तक्ता, पाचवीला गालावर कापसाचा स्पर्श, अकरावीला खांदे उचलायला लावून वरून दाबायचं, बारावीला जीभ बाहेर. साठही जणींनी ते आपापल्या वहीत उतरवून घेतलं आणि आठ दिवसांत वर्ग घडाघडा म्हणायला लागला.

प्रिन्सिपल मॅडमना हे ट्रक-ट्रंक प्रकरण पसंत नव्हतं. वहीमुळं प्रॅक्टिकलला एक जरी घोळ झाला तरी ती कायमची बंद, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि सोमवारी बाहेरून परीक्षक येणार होत्या.

शनिवारी मी मेसच्या केशरबाई मावशींवर सराव केला. पहिली नस वासाची. वहीत लिहिलं होतं, डोळे मिटवा, एक नाकपुडी दाबा, दुसरीखाली बाम धरा. मावशी नाक चोळत म्हणाल्या, "झोंबतंय की गं, बाम हाय." दुसऱ्या बाजूलाही तेच. मी ऐटीत 'वास येतो' असं लिहून टाकलं.

रविवारी सकाळी मावशी शेगडीपाशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि हाताभरावरची डाळ करपून काळी झाली होती. मी ओरडले तशा त्या उठल्या. "व्हय? मला न्हाई आला वास. दोन वरसं झाली, कशाचाच येत न्हाई."

मी पळत जाऊन मॅडमना घेऊन आले. त्यांनी मावशींचे डोळे मिटवून कॉफीची पूड धरली, मग साबण. मावशी नाही म्हणून नुसती मान हलवत राहिल्या.

"बाम झोंबतो, तो पाचवीला, स्पर्शाच्या नसेला कळतो," मॅडम म्हणाल्या. "पहिली बंद असली तरी माणूस हो म्हणणार. आमच्या घरी बाम हुंगूनच बघायचे, मी तेच लिहिलं. साठ पोरींना चुकीचं शिकवलं मी."

त्यांनी मावशींना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली आणि पेन घेऊन खोल्या-खोल्या फिरल्या. प्रत्येक वहीतला बाम खोडला, कॉफी लिहिली. एकोणसाठ वह्या झाल्या. साठावी सुरेखाची, आणि सुरेखा सुप्याला घरी गेलेली. परीक्षेआधी दोन दिवस मोबाईल बंद ठेवायची तिची शिस्त. एरवी आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला की विचारू नका. मॅडमनी दिवसभर फोन लावला. घरचा दुसरा नंबर कुणाकडंच नव्हता.

सोमवारी मॅडम आत ट्रे लावत होत्या. परीक्षा सुरू झाल्यावर त्यांना बोलायला बंदी. सुरेखाची एसटी उशिरा आली. ती फाटकातून पळत आली आणि तिचंच नाव पुकारलं. मी दाराशी पुढच्या नंबरच्या खुर्चीत, दोन हातांवर, पण नाव पुकारल्यावर बोलायची बंदी, म्हणून तिला काही सांगता आलं नाही.

ट्रेमधली कॉफीची बाटली तिनं बाजूला सारली आणि ॲप्रनच्या खिशातून बाम काढला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. पेशंट म्हणून बसवलेली पोरगी "झोंबतंय" म्हणाली.

"हे कुणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

सुरेखानं क्षणभर मॅडमकडं पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. "कुणी नाही. माझंच चुकलं."

प्रिन्सिपल मॅडम शेजारीच उभ्या होत्या. विजयमाला मॅडम गप्प राहिल्या असत्या तर वही वाचली असती. पण त्या पुढं आल्या.

"तिचं नाही. वहीत मी तसं लिहिलंय. कालच कळलं, हिला सांगायचं राहिलं."

"तुमचं खरं," परीक्षक म्हणाल्या, "पण तपासणी हिनं केली. मार्क हिचेच जाणार." आणि त्यांनी कापले. प्रिन्सिपल मॅडमनी टेबलावरची मॅडमची वही उचलून बगलेत मारली.

बाहेर आल्यावर सुरेखा माझ्यावरच उसळली. "माझे पाच मार्क जाणारच होते गं. मॅडमना कशाला बोलू दिलंत? आता पुढच्या पोरींनी काय करायचं?"

दारात मॅडम उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.