बाटलीतला साका

मी कापडे गावचा, तेव्हा महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. बुवा-महाराजांची टिंगल करण्यात माझा हात कोणी धरत नसे. म्हणून सत्ताविसाव्या वर्षी स्वतःची लघवी बाटलीत भरून तिच्याकडे टक लावून बसणं हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

झोपेत वीर्य जाणं कॉलेजपासूनचं. त्याचं भय घातलं मुंबईहून आलेल्या चुलतभावाने: धातू रक्तातून बनतो, तो गेला की माणूस पोकळ. पुढे सकाळची लघवी गढूळ दिसू लागली. बाटलीत ठेवली की संध्याकाळी तळाशी पांढरा साका, पेजेखाली शितं बसावीत तसा. म्हणजे धातू तिकडूनही चालला. मी एका ‘तज्ज्ञा’कडे गेलो. त्याची प्रमाणपत्रं खिडकीपेक्षा मोठी होती. त्याने बाटली उजेडात धरली, गंभीरपणे मान हलवली आणि चूर्ण दिलं. ती मान मी दोन महिने चूर्णाबरोबर गिळली.

तोवर घरच्यांनी वरंधची मुलगी पाहिली होती. सुपारी फोडायचा दिवस मी दोनदा पुढे ढकलला. वडिलांना वाटलं, मुलगी पसंत नाही. मला वाटायचं, तिची फसवणूक नको.

शेवटी सरकारी दवाखाना गाठला. केसपेपरच्या खिडकीत नेमके आमच्या गावचे एक काका कामाला.

“काय होतंय रे मास्तर?”

“अशक्तपणा.”

“लग्नाच्या आधीच?”

रांग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

डॉक्टर बाई होत्या. मी परत फिरणार होतो, पण बाटली पिशवीबाहेर आलेली. त्यांनी जळजळ, ताप, वजन घटणं, चालू औषधं असं सगळं विचारलं, साखर तपासून घेतली. मग थोडी लघवी परीक्षानळीत ओतून प्रयोगशाळेतल्या अ‍ॅसिटिक आम्लाचे चार थेंब टाकले. गढूळपणा बघता बघता नाहीसा झाला.

“हे फॉस्फेटचे क्षार. लघवी ठेवली की खाली बसतात. यात आजार काही नाही.”

“आणि झोपेतलं?”

“वीर्य शरीर सतत बनवत असतं. कधी झोपेत बाहेर पडतं. त्याने रक्त कमी होत नाही, ताकदही जात नाही.”

“पण थकवा येतो, बाई. तो खोटा नाही.”

“खोटा कोण म्हणतंय? झोप नाही, जेवण नाही, दिवसभर बाटलीकडे बघणं. चूर्ण बंद करा. महिन्याने तसंच वाटलं तर पुन्हा या.” मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “काय शिकवता?”

“विज्ञान.”

प्रजननाचा धडा मी दरवर्षी ‘घरी वाचा’ म्हणून सोडत असे, हे मीच सांगून टाकलं. का, कोण जाणे.

दवाखान्याच्या पायरीवरून वडिलांना फोन केला. सुपारीचा दिवस धरा म्हटलं.

“मग पोरगी आवडली म्हणायची.”

हो म्हणालो. खरं कारण त्यांना अजून माहीत नाय. बायकोला मात्र सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली.