अठरा दिवस चेक कुठे होता

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. पुठ्ठा आणि कागद घाऊक विकणाऱ्या त्या दुकानाच्या माळ्यावरच्या खोलीत ती तेवीस वर्षं उधारीचा हिशेब बघत होती. कुठल्या गिऱ्हाइकाचं बिल कोणत्या दिवशी निघालं, मुदत कधी संपली, पैसे कधी आले, हे तिला कागद न उघडता सांगता यायचं. दिवस मोजायला ती अजून हाताच्या मुठी वापरायची. उंचवटा आला की एकतीस, खळगा आला की तीस. कॉम्प्युटरने आकडा दिला तरी आधी मूठ, मग पडदा. घरी नवरा म्हणायचा, "मिठाची पुडी कधी फोडली विचारा, वारासकट सांगेल."

नोंदीच्या बाबतीत ती कडक होती. टायपिस्ट मुलीने एकदा एक चेक तीन दिवस फायलीत ठेवला होता. तेव्हा तारीखबाईने तिला सगळ्यांसमोर झाडलं आणि भिंतीवर कागद चिकटवला, 'चेक आला की त्याच दिवशी नोंद.' अक्षर तिचंच होतं. त्या मुलीने नंतर आठवडाभर तिच्याशी नीट बोलणं टाकलं होतं. तारीखबाईला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तर त्या बुधवारी, जुलैच्या नऊ तारखेला, खोकेवाले काका आणि त्यांची सून जिना चढून वर आले. काकांचा खोकी बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागच्या गल्लीतली एक लांबट शेड, दोन मशिनं आणि पाच माणसं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. सुनेच्या हातात दुकानाचं उशिराच्या दंडाचं पत्र होतं आणि एक वहीतून फाडलेला कागद. मालक समोरच बसले होते.

"साहेब, दंड द्यायला आमची ना नाही," सून म्हणाली. "पण हिशेब तपासून द्या. माझ्या मोजणीत एकोणसत्तर दिवस येतात, तुम्ही सत्तर लावलेत."

"तपासा की, तपासायला काय जातंय," मालक म्हणाले. "बाई, यांना एकदा मोजून दाखवा. आमच्या बाईंचा आकडा आजवर चुकलेला नाही हं."

तारीखबाईने मान वर केली नाही. तिने बिलाची प्रत काढली. मागच्या बाजूला अटी छापलेल्या होत्या आणि त्या तिला पाठ होत्या. तरी तिने बोट ठेवून वाचल्या. बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांची मुदत. त्यानंतर पैसे मिळाल्याचा दिवस धरून दर दिवसाला, वार्षिक अठरा टक्के दराने सरळ व्याज, वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. चेक वटला तर तो दुकानाच्या हातात आला तो दिवस पैसे मिळाल्याचा.

"बिल तीन मार्चचं," ती म्हणाली. "तीस दिवस म्हणजे दोन एप्रिल. तो मुदतीतला शेवटचा दिवस, तो मोजायचा नाही. तीन एप्रिलपासून मोजायला लागायचं. एप्रिलचे अठ्ठावीस, मेचे एकतीस, जूनचे अकरा. झाले सत्तर."

"मी शेवटचा दिवस सोडला होता," सून म्हणाली.

"तो धरायचा असतो. बघा, छापलंय. बिल एक लाख सेहेचाळीस हजारांचं. त्याचे अठरा टक्के सव्वीस हजार दोनशे ऐंशी. भागिले तीनशे पासष्ट, रोजचे बहात्तर रुपये. सत्तर गुणिले बहात्तर, पाच हजार चाळीस."

सुनेने आपल्या कागदावर गुणाकार करून पाहिला. "बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

सगळं बरोबर होतं. फक्त जूनचे अकरा बरोबर नव्हते, आणि ते त्या खोलीत एकट्या तारीखबाईला माहीत होतं.

चोवीस मेचा शनिवार. दुकान बंद व्हायची वेळ. ती जिना उतरत होती, काका चढत होते. अर्ध्या जिन्यात त्यांनी चेक तिच्या हातात दिला. "परत वर कशाला जाताय, सोमवारी पावती पाठवा." तिने चेक पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला, आणि रस्त्यावर येते तोच बहिणीचा फोन आला की बाबा मोरीत पडलेत, खुबा मोडलाय. पुढचे सोळा-सतरा दिवस तिचे दवाखान्याच्या बाकावर गेले. कामावर परत जायच्या आदल्या संध्याकाळी विम्यासाठी औषधांची बिलं लावताना त्यांच्यामधून तो चेक बाहेर आला. दुसऱ्या दिवशी, अकरा जूनला, तिने तो भरला. नोंदीच्या रकान्यात 'अकरा जून' लिहिलं आणि भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं नाही.

तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती. आजवर मालकांनी कुणाला दंड लावलाय? तारीख काही का असेना, कुणाचं काय जातंय? पण महिनाअखेरीला मालकांच्या डोक्यात आलं की उशीर करणाऱ्या सगळ्यांना छापील दराने पत्रं जाऊ देत. यादी प्रोग्रामने काढली. पत्रावर सही तिची होती.

"मी तर मे महिन्यात चेक दिला होता," काका अचानक म्हणाले. इतका वेळ ते खुर्चीच्या कडेवर बसून टोपी फिरवत होते.

"बाबा," सून हळू आवाजात म्हणाली, "हे आपलं घरी बोलून झालंय ना?"

"झालंय. पण माझ्या आठवणीत ते मेच आहे."

"चेकबुकात उरलेल्या तुकड्यावर चोवीस मे लिहिलंय, साहेब," सून मालकांना म्हणाली, "पण बाबांची जुनी सवय. आधीची तारीख घालून ठेवायचे आणि हाताशी पैसे आले की द्यायचे. त्याच्यावरून काही कळत नाही." मग काकांना वाईट वाटू नये अशा बेताने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, ती म्हणाली, "हल्ली विसरायला होतं त्यांना. गॅस चालू राहतो. मोजपट्टी खिशात असते आणि शेडभर शोधतात. या दंडाच्या पत्रावरून घरात चार दिवस वाद झाला, की मे का जून. शेवटी बँकेतली सही माझ्या नावावर करून घेतली. परवा डॉक्टरांकडे नेणार आहोत."

"सही घेतलीत, बरं केलंत," काका म्हणाले. "एकोणीसशे चोवीस साली जन्मलो म्हणून सांगेन एखाद दिवस. मग माझं वय शंभर धरून हिशेब करा."

कुणी हसलं नाही. काकांनी तारीखबाईकडे पाहिलं. आरोपाचं असं त्या नजरेत काही नव्हतं, उलट एक प्रकारची विनवणी होती. "बाई, तुम्हाला सगळं आठवतं. मी तुम्हाला जिन्यात चेक दिला, ते मेमध्ये का जूनमध्ये? तुम्ही जून म्हणालात तर जून. मग मी डॉक्टरांकडे जातो. कटकट करत नाही."

तिला वाटलं होतं की प्रश्न तेराशे-एक रुपयांचा आहे. रात्री मनातल्या मनात तिने तो कितीदा सोडवला होता. आपल्या पगारातून कधीतरी गुपचूप त्यांच्या खात्यावर जमा दाखवू, पुढच्या मालात सूट देऊ, म्हणजे फिटलं. आता तिला दिसलं की या माणसाने इतके दिवस स्वतःच्या डोक्यावर संशय घेतला होता, आणि तो तिने घ्यायला लावला होता.

"मेमध्ये," ती म्हणाली.

"काय?" मालक म्हणाले.

"चोवीस मे, शनिवार. काकांनी मला जिन्यात चेक दिला. तो माझ्या पर्समध्ये राहिला. माझ्या वडिलांच्या दवाखान्याच्या कागदांत. मी अकरा जूनला भरला आणि तीच तारीख लावली." तिचा आवाज तिलाच टायपिस्ट मुलीचा वाटला, त्या दिवशी ओरडा खाताना होता तसा. ती मुलगी मागच्या टेबलावर टाइप करायची थांबली होती. "एप्रिलचे अठ्ठावीस, मेचे चोवीस. बावन्न दिवस. तीन हजार सातशे चव्वेचाळीस. अठरा दिवसांचे बाराशे शहाण्णव जास्त लावलेत. ते अठरा दिवस माझे आहेत."

मालकांनी बिलाची प्रत उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला महिन्यापूर्वी सांगायचं."

"हो."

"सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"नाही, साहेब." आणि हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

"ते बाराशे तुमच्या पगारातून नाही कापणार मी. पत्र रद्द करा, नवं काढा. आणि त्यात कारण लिहा. गोलगोल नको."

ती लगेच लिहायला बसली. 'तारखेची दुरुस्ती' असं आधी उमटलं, ते तिने खोडलं. मग लिहिलं की चेक चोवीस मे रोजी मिळाला होता, आमच्या हिशेबनिसाकडून भरणा राहून गेला, सबब दंड बावन्न दिवसांचा. ते वाचताना सुनेचे कान लाल झाले होते. तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि पत्राची घडी करायला लागली. घडी काही सरळ बसेना.

"काका, मला माफ करा," तारीखबाई म्हणाली.

काका उठले. ते खूश होतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर चीड होती आणि ती हळूहळू वर येत होती. "बाई, गेल्या गुरुवारी मी गॅस तीनदा बंद केला. बंद असलेला. उठून उठून." ते थांबले. "माझा मुलगा शेडवर आहे. त्याला हे तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर तो म्हणेल, बाबांनी ऑफिसात रडून कागद आणला. ही सांगेल तर म्हणेल, सासऱ्याची कीव केली."

"बाबा, मी सांगते ना," सून म्हणाली.

"नाही. या सांगतील."

मालकांनी मान हलवली. तारीखबाईने चपला घातल्या. शेड दहा मिनिटांवर होती. काका पुढे चालत होते, सून मधे, ती मागे. ती मनात वाक्यं जुळवत होती. दवाखान्याने सुरुवात करावी, म्हणजे जरा सोपं जाईल. मग तिने दवाखाना काढून टाकला.

शेडमध्ये मशिनचा आवाज इतका होता की कुणाला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मुलाने वडिलांना पाहिलं, मग तिला. पाच माणसं हातातलं काम धरून बघत राहिली. काकांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"काय झालं?" मुलगा म्हणाला. "आता काय विसरले?"

"ते काही विसरले नाहीत," तारीखबाई म्हणाली. मग मागे उभ्या माणसांनाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली.