हळदकुंकू लावलेल्या दोन डिस्क

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं डाय, म्हणजे पार्ट बनवायचे साचे, तयार करण्याचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे सरांचं. मी तिथे ड्रॉइंगचं काम करते. ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या एका हार्ड डिस्कवर वर्कशॉप सुरू झाल्यापासूनची सगळी ड्रॉइंग्ज होती. जुनं गिऱ्हाईक दहा वर्षांनी येऊन म्हणतं, "तोच पार्ट परत पाहिजे," तेव्हा ते ड्रॉइंग लागतं. ते नसलं तर झिजलेला पार्ट हातात घेऊन पुन्हा मापं घ्यायची, आणि झिजलेल्या पार्टची मापं खरी नसतात. दुसरी कॉपी नव्हती. हे मला कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि मी ते कोणालाच बोलले नाही, कारण मी नवीन होते.

दसऱ्याच्या आधी एक फाइल उघडायला फार वेळ लागला. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते, ते मी वाचले. खराब झालेल्या जागा बदलून राखीव जागा वापरल्याचा आकडा महिन्यापूर्वी शून्य होता. आता सोळा. चालू कामाच्या फाइली मी पेनड्राइव्हवर घेतल्या, बाकीच्या मावत नव्हत्या. मग डिस्क काढून ठेवली, कारण आजारी डिस्क जितकी फिरेल तितकी बिघडते.

सरांनी उल्हासनगरहून नवी आणली. "त्याच कंपनीची, तेवढीच. जुनीने चांगली साथ दिली ना? दसऱ्याला मुहूर्तावर कॉपी करून टाक."

"सर, आधी टेस्ट करावी लागेल."

"नवीन डिस्कची? अगं, पॅकिंग तू स्वतः फोडलंस."

नवी वस्तू सुरुवातीलाच बिघडायची शक्यता जास्त असते, तेव्हा डेटा टाकण्याआधी तिच्याकडून जोरात काम करून घ्यायचं, हे मला नीट सांगता आलं नाही. मी म्हणाले, "नवीन ड्रिल बिट लावल्यावर फोरमनकाका आधी भंगार तुकड्यावर भोक पाडून बघतात, तसं." फोरमनकाका दारातून म्हणाले, "बघा, पोरगी बोलते!" सर हसले आणि दोन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी नव्या डिस्कचे आकडे वाचले. चालू राहिल्याचे तास शून्य, बदललेल्या जागा शून्य, वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्या जागा शून्य. सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं डायरीत लिहिली. मग डिस्कची स्वतःची लांब चाचणी लावली. त्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःला वाचते. चार तासांनी चाचणी पास झाली. पण ते नुसतं वाचणं. खरी परीक्षा लिहिण्याची. एक प्रोग्राम आख्ख्या डिस्कवर ठरलेला नमुना लिहितो, परत वाचून जुळवतो, असं चार वेगवेगळ्या नमुन्यांनी करतो. डिस्कवर जे असेल ते त्यात पुसलं जातं. नव्या डिस्कवर काहीच नसतं, म्हणून चालतं.

दसऱ्याला मशिनं बंद. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, पूजा करायची. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, दरवर्षी स्वतः येतात. मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, सगळं लाल कापडावर मांडतात. या वर्षी त्यांनी माझ्या टेबलावरून दोन्ही डिस्कही उचलल्या. "ही पण तुझी हत्यारंच की गं." त्यांनी दोन्हींवर ओली हळद आणि कुंकू लावलं, भरपूर, बरोबर स्टिकरवर. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डिस्क टेबलावर होत्या. एक उघडी, एक चंदेरी पिशवीत. नवी चंदेरी पिशवीतून आली होती. मी पिशवीतली काढून कॉम्प्युटरला जोडली, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि लिहिणारा प्रोग्राम टाईप केला. डिस्कचं नाव टाकलं. सर चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"झालं ना? दाब की आता."

माझं बोट एंटरवर होतं. कोणी मागे उभं राहिलं की मी पटकन ऐकते, लहानपणापासून. पण स्टिकरवर हळद वाळून पोपडे झाले होते आणि नंबर दिसत नव्हता.

"एक मिनिट, सर."

"परत एक मिनिट!"

मी ती ओळ पुसली आणि त्या डिस्कचे आकडे मागवले. वाचायला मागितल्याने काही पुसलं जात नाही. पहिली ओळ आली. चालू राहिल्याचे तास एकतीस हजार. खाली बदललेल्या जागा, सोळा.

सीरियलची शेवटची चार अक्षरं डायरीतल्या अक्षरांशी जुळत नव्हती. काकूंनी पूजेनंतर आवरताना जुनी डिस्क प्रेमाने पिशवीत घातली होती.

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. एंटर दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांतच सुरुवातीच्या फाइली गेल्या असत्या, आणि मला ते दीड दिवसाने कळलं असतं. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "केबल सैल आहे." कॉम्प्युटर बंद केला, डिस्क बदलली, पुन्हा आकडे वाचले. तास चार. अक्षरं जुळली. ती मी तीनदा वाचली, बोट ठेवून. मग एंटर.

दोन टेराबाइटला साधारण तीस तास लागतात. मी कागदावर मोठ्या अक्षरांत "बंद करू नये" लिहून चिकटवलं. घरी पालेगावला जेवताना मला ताट दिसत नव्हतं. जुनी डिस्क मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली होती आणि किल्ली ओढणीला बांधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या नमुन्याच्या वाचनात चुकांचा आकडा शून्यावरून एक झाला. मग तीन. चौथा नमुना स्वच्छ गेला. फोरमनकाका म्हणाले, "मग सुधारली ना?" सुधारली नव्हती. पुन्हा लिहिताना डिस्कने त्या जागा सोडून राखीव जागा घेतल्या होत्या. तब्येतीच्या आकड्यांत बदललेल्या जागा आता चोवीस होत्या. पाच दिवसांच्या डिस्कला चोवीस, आणि जुनीला इतक्या वर्षांनी सोळा.

पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या आकड्यांचे कागद घेऊन मी सरांबरोबर उल्हासनगरला गेले. दुकानदार शेठ म्हणाले, "बेटा, चल तो रही है ना?" आणि मग कुंकू बघून, "अरे, इसकी तो शादी भी हो गई!" सर मोठ्याने हसले. मी कागद पुढे सरकवले आणि शून्य व चोवीस या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. शेठनी कागद दोनदा वाचले आणि दुसरी डिस्क काढून दिली.

दुसरीची सगळी परीक्षा पुन्हा. शेवटी सगळे आकडे शून्य. त्यानंतरच जुनी जोडली. कॉपी व्हायला पूर्ण दिवस गेला. मधेच ती टक टक करायची. नंतर दोन्हीकडच्या फाइली एकेक जुळवून घेतल्या. फक्त दोन ड्रॉइंग्ज वाचता आली नाहीत. ती कागदावर होती. मग सरांना सांगून आणखी एक डिस्क मागवली, दुसऱ्या कॉपीसाठी.

त्या संध्याकाळी सर म्हणाले, "त्या दिवशी तू परत एक मिनिट का मागितलंस? केबल तर घट्ट होती, मी बघितलं."

मी म्हणाले, "सवय आहे, सर."

काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या दसऱ्याचा विचार करून तिन्ही डिस्कच्या कडेला, जिथे कुंकू लावत नाहीत तिथे, पक्क्या शाईने सीरियलची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवली आहेत.