पडवीतली प्लास्टरची बाई

महाडच्या बाहेर, भातशेतांच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. तिथे मी शिल्पं करतो. बायको गेल्यापासून दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही. त्यामुळे कलाशाळेची मुलं आली की मी जरा जास्तच बोलतो. "सर, आधी छोटं कशाला, सरळ मोठंच का नाही करायचं?" असं त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच. मग मी त्यांना कापडे गावातल्या कामाबद्दल सांगतो.

कापड्याच्या एका वाडीतल्या मुंबईकरांना गावाच्या तोंडाशी कांस्याची आई बसवायची होती. डोळ्यांवर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत बसलेली. मी आधी तारेच्या सांगाड्यावर मातीत हातभर उंचीची केली. माती सुकली की तडकते, म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा चढवला. पहिला पातळ थर नीळ घातलेला, त्यावर जाड पांढरा. मग साचा उघडून माती काढायची, चिकटू नये म्हणून आतून साबणाचं पाणी लावायचं आणि प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की वरचा साचा छिन्नीने फोडायचा. निळा थर दिसला की हात हळू, कारण खाली लगेच मूर्ती असते. असा साचा फुटून जातो. त्यातून एकच मूर्ती निघते.

ती घेऊन मी कापड्याला गेलो. चौथरा तयार होता. मूर्ती वर ठेवली आणि खाली उभा राहून बघितलं. शेडमध्ये उजेड बाजूच्या खिडकीतून येतो. इथे दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि कपाळावरच्या हाताची सावली हनुवटीपर्यंत उतरली होती. बाईला चेहराच उरला नव्हता. हे मोठ्या कांस्यात कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

चौथऱ्यासमोरच्या घरातून एक म्हातारी हे सगळं बघत होती. त्या रांगेत तेवढंच एक दार उघडं होतं.

"उन्हात कशाला उबं ऱ्हायलाव? पडवीत या," ती म्हणाली.

मी मूर्ती उचलून तिच्या पडवीत नेली. करवतीने कोपरापासून हात कापला तेव्हा ती "अगो बाय!" म्हणून जवळ सरकली.

"दुखत नाही तिला, मावशी," मी म्हणालो. "प्लास्टरचं हेच बरं असतं. कापता येतं, परत जोडता येतं."

तिने तांब्यात पाणी आणून दिलं. मी सोबत आणलेलं प्लास्टर त्यात कालवलं. नवा हात कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. मावशी बोलायची थांबली की तिचे हात मांडीत पडून राहत, तळवे वर. मी तारेला काथ्या गुंडाळला, प्लास्टरमध्ये बुडवला आणि तसाच हात बाईच्या मांडीत बसवला.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. मावशीने बोट लावून बघितलं आणि दचकली.

"ऊन लागतंय रे! जिती हाय का काय?"

"थोडा वेळच. मग गार होते."

तिने हात तसाच ठेवला. माझ्या शेडमध्येही गरम प्लास्टरवर हात ठेवून मी कितीदा बसून राहिलोय. तिला ते सांगितलं नाही. मूर्ती गार पडल्यावर ती म्हणाली, "ही हितंच ऱ्हाऊ दे. मला सोबत हुईल."

"मावशी, ही एकच आहे. हिच्यावरून माप घेऊन मोठी करायची आहे."

"मग नाय जमायचं," ती समजुतीने म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

परत येताना रस्ताभर ते मनातून जाईना. शेडमध्ये मी त्या मूर्तीवर रबराचा साचा घेतला. रबर वाकतं, सोलून काढता येतं. तोच साचा पुन्हा वापरता येतो. त्यातून दुसरी बाई काढली आणि कापड्याला जाऊन पडवीत, पावसाची झड पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून आलो. मावशीने तिचं तोंड दाराकडे केलं.

मग मोठं काम सुरू झालं. छोट्या मूर्तीवरचं प्रत्येक माप सहापट करत लोखंडी सांगाड्यावर माती चढवली, तिचंही पूर्ण आकाराचं प्लास्टर केलं आणि ते ओतकामाच्या कारखान्यात पाठवलं. कांस्य होऊन यायला बराच काळ गेला.

बसवायच्या दिवशी मुंबईहून गाड्या आल्या. भर दुपारी बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. फोटो झाले, जेवण झालं. मावशीच्या दाराला मात्र कुलूप होतं. पाय मोडला म्हणून मुलाने तिला मुंबईला नेलं होतं.

"आणि पडवीतली मूर्ती?" मी वाडीतल्या एका माणसाला विचारलं.

"ती लुगड्यात गुंडाळून संगती न्हेली. पोरगा नको म्हनत होता, पन तिनं आयकलं नाय."

संध्याकाळी गाड्या मुंबईकडे निघून गेल्या. मी चौथऱ्याच्या कडेला टेकलो आणि कांस्यावर हात ठेवला. ते दिवसभर तापलेलं होतं. अंधार पडेपर्यंत ते निवलं नाही, आणि मलाही घरी जायची घाई नव्हती.